कोणी अडकलं नाही, तरी पंचनामा हवा

सोलापुरात विजापूर रस्त्याला लागून वाढलेल्या एका वसाहतीत ड्रेनेजची लाइन टाकायचं काम चालू होतं. दुपारी दीडच्या सुमाराला चराची एक बाजू खाली आली. साधारण सहा मीटर लांबीचा, वरच्या अंगाला तीन फूट जाडीचा मातीचा तुकडा उभाच्या उभा सुटला आणि तेवढ्या भागात चर जवळपास निम्मा भरला. मजूर जेवायला वर आले होते, त्यामुळे कोणाला खरचटलंही नाही. तासाभरात जेसीबीने ती माती उपसली, संध्याकाळपर्यंत पाइप बसला, वर माती ढकलली गेली. दुसऱ्या दिवशी तिथे काही घडल्याची खूणही उरली नव्हती. नोंद कुठेच झाली नाही, काम करून घेणाऱ्यांकडे नाही आणि ठेकेदाराकडेही नाही.

ही नोंद व्हायला हवी होती असं माझं ठाम मत आहे, आणि तीसुद्धा माणूस गाडला गेला असता तर जितक्या बारकाईने झाली असती तितक्याच बारकाईने. भिंत का पडते, हे खाली माणूस आहे की नाही यावर ठरत नाही. ते ठरतं खोलीवर, मातीवर, पाण्यावर आणि आधारावर. या चारही गोष्टी त्या दुपारी तिथे उघड्या पडलेल्या होत्या, मोजता येत होत्या, आणि विचारायला सगळी माणसं जिवंत होती. मृत्यू झाला की पोलीस येतात, ठेकेदार गायब होतो, साक्षीदार घाबरतात, आणि माणूस बाहेर काढण्यासाठी केलेल्या खोदाईत मूळ भिंतीचा मागमूसही राहत नाही. म्हणजे शिकायला सगळ्यात सोयीची घटना आपण तासाभरात बुजवून टाकतो.

पाइपलाइनच्या कामांवर देखरेख करण्यात माझी बरीच वर्षं गेली. हे काम माझ्याकडे नव्हतं, मी त्या गल्लीत नातेवाइकांकडे गेलो होतो. पण माती उपसायच्या आधी टेप लावायची परवानगी मुकादमाने दिली, म्हणून पुढचं सगळं मोजून लिहितो आहे.

चर ३.२ मीटर खोल होता, म्हणजे साडेदहा फूट. पिण्याच्या पाण्याच्या लाइनला इतकं खोल जावं लागत नाही. पाइपावर मीटरभर माती राहिली की भागतं, कारण पाणी दाबाने पुढे जातं. ड्रेनेजचं तसं नसतं. ते नुसत्या उतारावर वाहतं, त्यामुळे लाइन जितकी लांब जाईल तितकी ती खोल होत जाते, आणि वर रस्ता चढाचा असेल तर आणखीच. गल्लीच्या तोंडाशी कंबरेइतका असलेला चर दोनशे मीटर पुढे माणसाच्या डोक्यावर कधी गेला, हे तिथल्या माणसांच्या लक्षातही येत नाही. रोज थोडी थोडी खोली वाढते आणि कालची पद्धत आज चालू राहते. खोदाईच्या सुरक्षेसाठी आपल्याकडे आयएस ३७६४ हे भारतीय मानक आहे, १९९२ ची सुधारित आवृत्ती. मातीतला चर दीड मीटरपेक्षा खोल गेला की त्याला आधार द्या किंवा बाजू उताराच्या कापा, असं ते सांगतं. इथे खोली दीड मीटरच्या दुपटीहून जास्त होती आणि रुंदी होती फक्त १.१ मीटर.

बाजू उताराच्या कापणं या गल्लीत शक्यच नव्हतं. दोन्हीकडे मीटरला मीटर उतार दिला असता तर वरची रुंदी साडेसात मीटर झाली असती. गल्लीच सहा मीटरची, त्यात दोन्हीकडे घरांचे ओटे आणि गटारी. म्हणजे उभा चर आणि त्याला आधार हा एकच मार्ग उरतो.

आता माती. वर फूटभर रस्त्याचा मुरूम आणि खडी. त्याखाली दीड मीटर काळी माती, आपल्याकडची नेहमीची, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. तिच्याखाली सुमारे ८० सेंटिमीटर पिवळसर माती, तिच्यात चुनखडीचे खडे. आणि अगदी तळाला साठेक सेंटिमीटर मुरूम, चांगला घट्ट. सोलापूरच्या हद्दवाढ भागात कुठेही खोदलं तर कमीअधिक जाडीने असाच क्रम लागतो, मग खाली मांजऱ्या, म्हणजे अर्धवट झिजलेला मऊ खडक, आणि त्याखाली काळा पाषाण.

या क्रमात दोन समजुती घात करतात. पहिली, ‘खाली मुरूम लागलाय, पक्कं आहे.’ मुरूम पक्का होताच, तो जागचा हललाही नाही. पण माणसावर पडणारी माती वरची असते. तळ घट्ट असल्याने वरचे अडीच मीटर घट्ट होत नाहीत.

दुसरी समजूत जास्त अवघड आहे, कारण ती अर्धी खरी आहे. ‘काळी माती चिवट असते, उभी राहते’ असं जुना कुठलाही मुकादम सांगेल, आणि सकाळी खोदलेला सरळसोट चर दाखवून ते सिद्धही करेल. ती उभी राहते, पण काही काळच. खोदल्यावर चराच्या बाजूच्या मातीवरचा दाब एकदम निघून जातो, माती किंचित सैलावते, आणि तिच्या बारीक छिद्रांतलं पाणी कणांना एकमेकांकडे ओढून धरतं. ती ओढ टिकते तोवर भिंत टिकते. हळूहळू माती आजूबाजूचं पाणी शोषते, ओढ कमी होते, पकड ढिली पडते. याला किती वेळ लागेल ते कोणी सांगू शकत नाही, कधी दोन तास, कधी दोन दिवस. हा चर आदल्या संध्याकाळी खोदून रात्रभर उघडा ठेवला होता.

हिशेब अगदी ढोबळ करून बघू. घट्ट, फारशी न भिजलेली काळी माती असेल, तिची पकड दर चौरस मीटरला अडीच टन आणि वजन घनमीटरला १.८ टन धरलं, तर कागदावर साडेपाच मीटरपर्यंतचा उभा काप आधाराशिवाय उभा राहायला हवा. वरून भेग पडलेली असेल तर तोच आकडा ३.७ मीटरवर येतो. आणि माती भिजून पकड निम्मी झाली तर भेगेसह जेमतेम पावणेदोन-दोन मीटर. माती तीच, चर तोच, खोली तीच. पण सकाळी जो काप हिशेबात बसत होता तो दुपारी बसत नाही. ‘काल तर काही झालं नाही’ या वाक्यावर मजुरांना खाली उतरवणं किती धोक्याचं आहे, ते या आकड्यांवरून कळावं.

भेग होती का? होती, आणि ती पाहिलीही गेली होती. रखवालीवर असलेल्या माणसाने सकाळीच चराच्या कडेला समांतर गेलेली, बोट जाईल एवढी फट पाहिली होती. चराच्या कडेपासून ती तीन फुटांवर होती, आणि पडलेल्या तुकड्याची वरची जाडीही तेवढीच भरली. नेमक्या तिथेच फट का पडली, हे माती पडल्यावर दिसलं. त्या रेषेवरून काही वर्षांपूर्वी टाकलेली पाण्याची लाइन जाते. तिचा जुना चर बुजवलेला होता, आणि बुजवलेली माती मूळ मातीशी कधीच एकजीव होत नाही. म्हणजे नवीन चर आणि जुना चर यांच्यामध्ये तीन फूट जाडीची काळ्या मातीची एक सुटी भिंत तयार झाली होती. दोन्हीकडून मोकळी, आणि खाली टेकलेली त्या पिवळ्या मातीवर.

रखवालदाराने ती फट मुकादमाला दाखवली होती. पण तोपर्यंत जेसीबीने पुढच्या खोदाईची माती त्याच बाजूला टाकायला सुरुवात केली होती, आणि फट ढिगाखाली गेली. मातीचा ढीग कडेला नको म्हणतात ते वजनासाठी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याचं दुसरं कारणही तितकंच मोठं आहे. जिथे धोक्याची पहिली खूण उमटते नेमकी तीच पट्टी ढीग झाकून टाकतो.

वजनाचं म्हणाल तर ढीग कडेपासून जेमतेम फूटभर अंतरावर होता आणि उंची १.२ मीटर. सुट्या मातीचा तेवढा ढीग म्हणजे घट्ट मातीच्या सुमारे ९० सेंटिमीटर थराइतका भार. भिंतीच्या दृष्टीने हा चर ३.२ मीटरचा राहिला नव्हता, ४.१ मीटरचा झाला होता. वरच्या हिशेबात भेग पडलेल्या पण न भिजलेल्या मातीची मर्यादा ३.७ मीटर होती, ती इथेच ओलांडली गेली. मानक सांगतं की खोदलेली माती कडेपासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्म्या अंतरावर, यातलं जे जास्त असेल त्या अंतरावर ठेवावी. इथे १.६ मीटर. सहा मीटरच्या गल्लीत ते शक्य नाही, म्हणजे माती डंपरने उचलून दुसरीकडे टाकायची आणि बुजवताना परत आणायची. त्याला पैसे लागतात. पैशांकडे पुढे येतोच.

आणि पाणी. सोलापूरच्या बहुतेक भागांत नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. त्या दिवशी सकाळी पाण्याची पाळी होती. खोदताना जेसीबीच्या बकेटने एका घराच्या नळजोडणीला धक्का लागला होता. लाइन रिकामी असताना त्या जोडातून काहीच गळत नव्हतं, त्यामुळे कोणाला पत्ता नव्हता. सकाळी पाणी सुटलं आणि जोडातून पाणी जुन्या चराच्या सैल मातीत, तिथून फटीत शिरत राहिलं. फट दीड मीटर खोल धरली आणि ती पाण्याने भरली, तर ते पाणी भिंतीला चराच्या बाजूने दर मीटर लांबीमागे एक टनाहून जास्त जोराने ढकलतं. शिवाय खालच्या पिवळ्या मातीत चुनखडीचे खडे धरून ठेवणारी माती भिजून मऊ झाली. माती पडल्यावर त्या थरात हात घातला तर ती मुठीत लगद्यासारखी येत होती. आधी ती खालून थोडी घसरली, वरची काळी भिंत लोंबकळली आणि मग सबंध सुटली.

ही गोष्ट आपल्या शहरापुरती मला फार महत्त्वाची वाटते. जिथे पाणी चोवीस तास असतं तिथे गळती सतत दिसते. आपल्याकडे ती पाळीच्या दिवशीच दिसते. मधल्या दिवशी साहेब पाहणीला आले तर चर कोरडा, भिंती सरळ, शेरा ‘काम समाधानकारक’. तोच चर पाळीच्या दिवशी दुपारी वेगळाच असतो. मध्ये काय बदललं ते कळायला त्या वेळी तिथे कोणीतरी लिहून घेणारं हवं.

पडलेल्या मातीचं माप सांगतो, म्हणजे काय टळलं ते कळेल. सहा मीटर लांब, २.६ मीटर उंच, वर ९० सेंटिमीटर आणि खाली निमुळती होत गेलेली. साधारण सात घनमीटर, म्हणजे अडीच ब्रास. वजन साडेबारा टनांच्या घरात. सुटून फुगल्यावर तिने चराचा तळ उभ्या माणसाच्या छातीपर्यंत भरला. पण चरात माणूस उभा नसतो. पाइपाच्या जोडात रबरी रिंग बसवायला तो वाकलेला किंवा उकिडवा बसलेला असतो. आणि मातीत छातीपर्यंत सापडलेला माणूसही सुरक्षित नसतो. डोकं बाहेर असलं तरी प्रत्येक श्वास सोडताना छाती आत जाते आणि माती ती जागा भरते, पुढचा श्वास घ्यायला छाती फुगूच शकत नाही. त्याला हाताने, पाट्या भरभरून मोकळं करावं लागतं, जेसीबी लावता येत नाही. तोवर बाजूची उरलेली माती डोक्यावर टांगलेली असते.

ही टांगलेली माती त्या दुपारीही होती. भिंत पडून पाच मिनिटं झाली नसतील, दोन पोरं खाली उतरून पंप ओढायला लागली. पंप भाड्याचा होता, त्याची काळजी. मुकादम ओरडला म्हणून ती वर आली. ती वर आल्यावर थोड्याच वेळात वरच्या रस्त्याचा एक तुकडा त्याच जागी पडला. अशा ठिकाणी पहिल्या पडझडीनंतर दुसरी पडझड होणं ही नेहमीची गोष्ट आहे, कारण आधी खालचा भाग सुटतो आणि वरचा पुढे आलेला राहतो.

आता आधार. तिथे शोअरिंग अजिबात नव्हतं असं नाही. समोरच्या बाजूला विजेचा खांब होता, त्याच्याखाली सेंट्रिंगच्या चार लोखंडी प्लेटा भिंतीला टेकवून दोन बल्ल्या आडव्या ठोकल्या होत्या. खांब कलला तर वीज कंपनीचा भुर्दंड बसेल म्हणून. म्हणजे आधार कसा द्यायचा हे माहीत होतं, सामान होतं, माणसं होती. जिथे नुकसानीचं बिल येणार होतं तिथे आधार दिला गेला. जिथे माणसं काम करत होती तिथे दिला गेला नाही. मला त्या दिवशी सगळ्यात जास्त हेच लागलं.

या मातीत नीट आधार म्हणजे काय? भिजणाऱ्या काळ्या मातीत फळ्या अंतर सोडून लावून चालत नाहीत, दोन्ही बाजूंना सलग लावाव्या लागतात. फळ्या किंवा प्लेटा उभ्या, त्यांवर आडवे वासे, आणि समोरासमोरच्या वाशांमध्ये आडवे टेकू, पाचर मारून किंवा स्क्रू-जॅकने घट्ट केलेले. ३.२ मीटर खोलीला टेकूंच्या तीन ओळी. दोन-दोन मीटरवर टेकू असतील तर एकेका टेकूवर साडेतीन-चार टन भार येऊ शकतो. चांगली चार इंची बल्ली एवढ्या कमी लांबीत तेवढा भार घेते. बहुतेक वेळा बल्ली मोडत नाही, पाचर निसटते किंवा टेकू तिरका होऊन सटकतो. म्हणून रोज सकाळी प्रत्येक टेकू ठोकून बघायचा असतो, आणि पाऊस झाला किंवा पाणी सुटलं तर पुन्हा. टेकू वरून खाली लावत जायचे, लावणाऱ्याने आधाराच्या आत उभं राहून. काढताना उलट, खालून वर, माती भरत भरत. शेवटची ओळ आधी काढून घेतात आणि मग माती ढकलतात, त्यातही माणसं जातात.

ठेकेदाराच्या माणसाला विचारलं, या बाजूला का नाही लावलं? तो म्हणाला, ‘साहेब, पाइप सहा मीटरचा. दोन-दोन मीटरवर आडव्या बल्ल्या मारल्या तर पाइप उतरवायचा कुठून?’ हा प्रश्न खोटा नाही. त्याला उत्तरं आहेत. लाइनच्या एका टोकाला एक गाळा मोकळा ठेवून तिथून पाइप तिरका आत सोडायचा आणि टेकूंच्या खालून पुढे सरकवायचा. खालची ओळ पाइपाच्या वर राहील अशी बांधायची. किंवा पाइप तीन मीटरचे घ्यायचे, जोड वाढले तरी चालतील. ट्रेंच बॉक्स, म्हणजे दोन लोखंडी भिंती आणि मधे पक्के टेकू असलेली पेटी, चरात उतरवून माणसांना तिच्या आत काम करू द्यायचं आणि काम पुढे जाईल तशी ती ओढत न्यायची. त्यासाठी बहुधा पोकलेन लागतो, साध्या जेसीबीला जड पेटी झेपत नाही, आणि अरुंद गल्लीत पोकलेन फिरत नाही. म्हणजे प्रत्येक उत्तराला काही ना काही किंमत आहे. दिवसाला जितके मीटर लाइन व्हायची ती कमी होईल, गल्ली आणखी काही दिवस खोदलेली राहील, आम्ही रहिवासी कुरकुर करू. हे मान्य करूनच पुढचं बोलतो.

ही किंमत कोण देतं, तिथे खरा प्रश्न आहे. महाराष्ट्रातल्या दरसूचीत आणि तिच्यावरून बनणाऱ्या निविदांत खोदाईची बाब वाचा. सगळ्या प्रकारच्या मातीत, मऊ मुरुमात खोदाई करणे, माती ठरावीक अंतरापर्यंत वाहून टाकणे, पाणी उपसणे, तळ तयार करणे, पुन्हा भरणे, ‘शोअरिंग व स्ट्रटिंगसह, इत्यादी पूर्ण’. दर घनमीटरला. म्हणजे शोअरिंग त्या दरातच आहे. केलं तरी तेवढेच पैसे, नाही केलं तरी तेवढेच. शंभर मीटर लांबीच्या अशा चरात ३५२ घनमीटर खोदाई मोजली जाते. दोन्ही बाजू मिळून आधार द्यायची भिंत होते ६४० चौरस मीटर. त्या ६४० चौरस मीटरची फळी, वासा, टेकू आणि मजुरी कागदावर कुठेच दिसत नाही. शिवाय चराची रुंदी पाइपाच्या व्यासावरून ठरलेली असते. प्लेटा आणि वाशांसाठी फूटभर जास्त खोदलं तर त्या खोदाईचेही पैसे मिळत नाहीत. जो ठेकेदार प्रामाणिकपणे आधार देण्याचा खर्च धरून दर भरेल तो निविदेत मागे पडेल, आणि न धरणारा काम घेईल. पुढे मजुरांवर माती पडली की आपण ठेकेदाराला हलगर्जी म्हणतो. तो हलगर्जी असेलही, पण निविदेच्या रचनेने आधीच त्याची निवड केलेली असते.

हे बदलता येतं याचा पुरावा सरकारी कागदांतच आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या, म्हणजे सीपीडब्ल्यूडीच्या दरसूचीत चराला फळ्यांचा आधार देणं ही वेगळी बाब आहे. सलग फळ्या वेगळ्या, अंतर सोडून लावलेल्या वेगळ्या, दीड मीटरपर्यंत, तीनपर्यंत, साडेचारपर्यंत असे खोलीचे टप्पे, आणि मोजमाप आधार दिलेल्या भिंतीच्या चौरस मीटरवर. आपल्या शहरातल्या ड्रेनेजच्या प्रत्येक निविदेत दीड मीटरपेक्षा खोल लांबीसाठी अशी वेगळी बाब हवी. केलं तर मोजा आणि पैसे द्या. नाही केलं तर त्या लांबीची खोदाईही मोजू नका. बिलासाठी आज पाइप बसल्यावरचा जागेचा ठिकाण-वेळ दाखवणारा फोटो मागतात. तसाच फोटो माणूस खाली उतरायच्या आधीचा, आधारासह, मागायला काहीच अडचण नाही.

यावर एक आक्षेप माझ्या सहकाऱ्यांकडूनच येतो, आणि तो रास्त आहे. वेगळी बाब केली की न लावलेल्या प्लेटांचं बिल लागेल. दहा मीटरच्या प्लेटा फिरवून फिरवून शंभर मीटरचे फोटो निघतील. होय, निघतील. पण मोजमाप पुस्तिकेत अमुक तारखेला अमुक लांबीत इतके चौरस मीटर असं लिहिलं गेलं की ते खोटं ठरवता येतं, सही कोणाची ते कळतं. ‘इत्यादी पूर्ण’ या शब्दांना खोटं ठरवायची सोयच नाही.

आणि इथेच न झालेल्या अपघाताच्या नोंदीचा मुद्दा येतो. दीड मीटरपेक्षा खोल चराची भिंत पडली, त्या लांबीत शोअरिंगचं मोजमाप आहे का, असेल तर ते प्रत्यक्षात होतं का, हे तपासण्याची सगळ्यात सोपी वेळ म्हणजे पडल्यानंतरचा पहिला तास. कायद्याला ही गोष्ट नवीन नाही. बांधकाम मजुरांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत माती कोसळणं किंवा खचणं हे धोकादायक घटनांच्या यादीत आहे, आणि अशी घटना कोणाला इजा झाली असो वा नसो निरीक्षकाला कळवायची आहे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही धोकादायक घटना कळवण्याची जबाबदारी मालकावर ठेवली आहे, इजा झाली तरी आणि नाही झाली तरी. म्हणजे मुद्दा नवीन नियमाचा नाही. ‘माणूस नव्हतं ना खाली, मग कशाला लिहायचं?’ असं मुकादम मला म्हणाला, त्याला कोणी कधी वेगळं सांगितलंच नव्हतं.

कळवायला लावलं तर लोक लपवतील, असंही म्हणतात. म्हणून शिक्षा कशाला करायची ते नीट ठरवावं लागेल. भिंत पडली आणि कळवलं तर पहिल्या वेळी दंड नको, फक्त त्या लांबीचं काम थांबवून आधार द्यायला लावा. न कळवता माती उपसली तर मात्र दंड, आणि तो जबर. माती हलवायच्या आधी कनिष्ठ अभियंत्याने येऊन टेप लावायचा. तळापर्यंत खोली, कोणता थर किती, कोणता थर ओला, ढीग कडेपासून किती लांब, जवळ जुना चर आहे का, त्या दिवशी पाण्याची पाळी होती का, आधार कुठे होता आणि कुठे नव्हता. एका पानात मावतं, तासभर लागतो. अशी वर्षभरातली पानं एका नकाशावर लावली तर कोणत्या भागात काळी माती जुन्या पाण्याच्या लाइनीवर बसलेली आहे, तिथे पाळीच्या दिवशी चर उघडा ठेवायचा नाही, हे पुढच्या कामाच्या आधीच सांगता येईल.

पुढची निविदा निघेल तेव्हा खोदाईच्या बाबीत ‘शोअरिंगसह, इत्यादी पूर्ण’ हे शब्द तसेच आहेत का, ते नगरसेवकांनी आणि रहिवाशांनी आधी वाचावं. असतील तर हरकत निविदापूर्व बैठकीच्या आधी लेखी द्यावी. एकदा कार्यादेश निघाला की दर ठरलेला असतो आणि मग चरात उतरणाऱ्याच्या बाजूने त्यात एक फळीही वाढवता येत नाही.